घरातल्या विमा पॉलिस्यांची नोंदवही: हप्ता कधी, सवलत किती दिवस, आणि कोणती पॉलिसी बंद पडण्याच्या बेतात आहे

बहुतेक घरांत विम्याची यादी असते. डायरीच्या मागच्या पानावर, फाइलच्या आतल्या बाजूला किंवा एक्सेलमध्ये. पॉलिसी क्रमांक, विमा रक्कम, हप्ता आणि 'पुढची तारीख' एवढे त्यात असते. एवढे लिहूनही पॉलिस्या लॅप्स होतात, कारण 'पुढची तारीख' हा रकाना कॅलेंडर पाहून भरलेला असतो. समजा, सहामाही हप्ता २० मे आणि २० नोव्हेंबरला येतो. ऑगस्टमध्ये यादी नव्याने लिहिताना माणूस सहज '२० नोव्हेंबर' लिहून टाकतो. मेचा हप्ता भरला होता का, हा प्रश्न त्या यादीत कुठेच उरत नाही. चुकलेला हप्ता नजरेआड होतो आणि यादी मात्र नीटनेटकी दिसते.

म्हणून नोंदवहीत पहिल्यांदा बदलायचा तो हा रकाना. पुढची देय तारीख लिहायची नाही, 'पहिला न भरलेला हप्ता' कोणत्या तारखेचा आहे ते लिहायचे. एलआयसीच्या स्टेटस रिपोर्टवर हीच तारीख एफयूपी म्हणून छापलेली असते, आणि शाखेत कोणीही आधी तीच पाहतो. ही तारीख दिवस उलटले म्हणून पुढे सरकत नाही. हप्ता कंपनीच्या खात्यात जमा होऊन पावती निघाली, तरच ती एका हप्त्याने पुढे जाते. देय तारीख उलटल्यावर हप्ता भरायला जी सवलत मिळते तिचा शेवटचा दिवस, उरलेले दिवस, लॅप्स होण्याच्या बेतातल्या पॉलिस्यांची यादी हे सगळे या एका तारखेवरून निघते.

कोणते रकाने, आणि ते कुठून भरायचे

एका ओळीत एक पॉलिसी. हाताने भरायचे रकाने सहाच आहेत: पॉलिसी क्रमांक (A), पॉलिसी सुरू झाल्याची तारीख (B), हप्ता किती महिन्यांनी येतो (C), आजवर किती हप्ते भरले (D), हप्ते भरायची मुदत संपण्याची तारीख (E) आणि मॅच्युरिटीची तारीख (F). पुढचे चार रकाने सूत्राने भरतात.

सुरू झाल्याची तारीख बाँडवरूनच घ्यावी, पहिल्या पावतीवरून नाही. अनेक पॉलिस्या मागच्या तारखेपासून सुरू केलेल्या असतात. वय एका वर्षाने कमी धरले जावे म्हणून एजंट तसे करून देतात आणि नियमात ते बसते. पैसे ऑगस्टमध्ये भरलेले असतात, बाँडवर तारीख मेची असते आणि पुढचे सगळे हप्ते मेच्या तारखेने येतात. पावतीवरची तारीख धरली, तर अख्खी ओळ तीन महिन्यांनी चुकते.

C मध्ये मासिकसाठी 1, तिमाहीसाठी 3, सहामाहीसाठी 6 आणि वार्षिकसाठी 12 लिहायचे. शब्द लिहू नका, नुसता आकडा लिहा.

D, म्हणजे भरलेल्या हप्त्यांची संख्या, जुन्या पावत्या मोजून काढायची गरज नाही. कंपनीच्या पोर्टलवर किंवा शाखेतून मिळणाऱ्या स्टेटसवर एफयूपी दिसते. सुरुवातीच्या तारखेपासून एफयूपीपर्यंत किती महिने झाले ते मोजा आणि त्याला C ने भागा. २० मे २०२१ ला सुरू झालेल्या सहामाही पॉलिसीची एफयूपी २० मे २०२५ असेल, तर ४८ महिने भागिले ६, म्हणजे ८ हप्ते. भागाकार पूर्ण आला नाही, तर कुठली तरी तारीख चुकीची उतरवली आहे किंवा मधे कधी तरी हप्त्याचा प्रकार बदलून घेतला आहे, वार्षिकचा सहामाही वगैरे. पहिल्याच दिवशी ही तपासणी केली, तर पुढची बरीच डोकेदुखी वाचते.

E आणि F हे वेगळे रकाने का, असे वाटेल. पॉलिसीची मुदत २० वर्षे आणि हप्ते भरायची मुदत १५ वर्षे, अशा योजना भरपूर आहेत. त्या पॉलिसीत १५ वर्षांनंतर हप्ता येणार नाही, पण विमा चालू राहील आणि पैसे २० वर्षांनी मिळतील. दोन्ही मुदती सारख्या असतील, तर दोन्ही रकान्यांत एकच तारीख येईल.

चार सूत्रे

एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये दुसऱ्या ओळीत, G, H, I, J या रकान्यांत क्रमाने ही सूत्रे टाकून खाली ओढायची. पहिले सूत्र पहिला न भरलेला हप्ता काढते, दुसरे सवलतीचा शेवटचा दिवस, तिसरे उरलेले दिवस आणि चौथे स्थिती. G आणि H मध्ये तारखेऐवजी मोठा आकडा दिसला, तर त्या रकान्यांचा फॉरमॅट तारखेचा करा.

```
=IF(EDATE(B2,C2*D2)>=E2,"",EDATE(B2,C2*D2))
=IF(G2="","",G2+IF(C2=1,15,30))
=IF(H2="","",H2-TODAY())
=IF(I2="","हप्ते संपले",IF(I2<0,"लॅप्स",
 IF(G2<=TODAY(),"सवलतीत",IF(G2-TODAY()<=30,"येणार","ठीक"))))
```

पहिले सूत्र प्रत्येक वेळी मूळ तारखेपासून मोजते, मागच्या हप्त्याच्या तारखेपासून नाही. यामागे कारण आहे. ३१ ऑगस्टला सुरू झालेली सहामाही पॉलिसी घ्या. त्यात सहा महिने मिळवले की २८ फेब्रुवारी येते. त्या २८ फेब्रुवारीत पुन्हा सहा महिने मिळवले, तर २८ ऑगस्ट येते, ३१ नाही. तीन दिवस गळाले आणि ते पुढे परत येत नाहीत. मूळ तारखेपासून एकदम बारा महिने मोजले, तर ३१ ऑगस्टच येते. महिन्याच्या अखेरच्या तारखा असतील, तर कंपनीच्या प्रीमियम नोटिशीशी एकदा ताडून पाहा.

हप्ता भरला आणि पावती हातात आली की D मधला आकडा एकाने वाढवायचा. रोजचे काम एवढेच. G मध्ये थेट तारीख टाइप केली, तर सूत्र पुसले जाते आणि नोंदवही पुन्हा डायरीच्या मागच्या पानासारखी होते.

तारखा टाइप करताना शीटची भाषा-देश सेटिंग भारताची आहे का ते पाहा. ती अमेरिकेची असेल, तर 05/08/2021 ही तारीख ५ ऑगस्टऐवजी ८ मे अशी वाचली जाते, आणि सूत्र काहीच तक्रार करत नाही. 20/05/2021 मात्र तारीख म्हणून ओळखलीच जात नाही, नुसता मजकूर होऊन रकान्यात डावीकडे चिकटते. काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे दिसल्या, तर हाच गोंधळ झालेला असतो. २१-मे-२०२१ अशी महिन्याचे नाव लिहून तारीख टाकायची सवय असेल, तर ती इंग्रजीत 21-May-2021 अशी टाका म्हणजे संशयाला जागा राहत नाही.

सवलतीचे दिवस कसे मोजायचे

आयुर्विम्यात मासिक हप्त्याला १५ दिवस आणि तिमाही, सहामाही, वार्षिक हप्त्याला ३० दिवस सवलत मिळते. एलआयसीच्या बऱ्याच जुन्या बाँडांवर 'एक महिना, पण ३० दिवसांपेक्षा कमी नाही' असे लिहिलेले असते. १० ऑगस्टचा हप्ता असेल, तर ३० दिवसांनी ९ सप्टेंबर येते आणि एक महिन्याने १० सप्टेंबर. फेब्रुवारीत उलटे होते: १० फेब्रुवारीपासून एक महिना म्हणजे १० मार्च, पण ३० दिवस म्हणजे १२ मार्च. फरक एक-दोन दिवसांचा आहे. वरच्या सूत्रात आम्ही मुद्दाम साधे ३० दिवस धरले आहेत, म्हणजे बाँडवर काहीही लिहिलेले असले तरी नोंदवही उशिराची तारीख दाखवणार नाही.

या दिवसांत आयुर्विमा चालू असतो. सवलतीच्या काळात विमाधारकाचा मृत्यू झाला, तर दावा मिळतो, फक्त राहिलेला हप्ता त्यातून कापला जातो. सवलतीच्या काळात हप्ता भरला, तर आयुर्विम्यावर विलंब शुल्कही नसते.

आरोग्य विम्याची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि इथे खूप लोक फसतात. वर्षाचा हप्ता एकदम भरून घेतलेली पॉलिसी २५ नोव्हेंबरला संपत असेल, तर नंतरचे ३० दिवस फक्त नूतनीकरणासाठी असतात. त्या दिवसांत पैसे भरले, तर जुन्या आजारांसाठी काढलेली प्रतीक्षेची वर्षे वाया जात नाहीत. पण २६ नोव्हेंबर ते पैसे भरल्याचा दिवस, या मधल्या काळात रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर तो खर्च मिळत नाही. आरोग्य विम्याचा हप्ता मासिक किंवा तिमाही असेल, तर वर्षाच्या आतल्या हप्त्यांच्या सवलतीच्या काळातही संरक्षण मिळते, असा विमा नियामक आयआरडीएआयचा नियम आहे. वार्षिक आरोग्य पॉलिसीच्या ओळीत म्हणून H रकान्यात सूत्र न ठेवता पॉलिसी संपण्याचीच तारीख घाला, आणि E मध्ये बरीच वर्षे पुढची एखादी तारीख ठेवा, नाहीतर G रिकामा राहून J मध्ये एरर येईल. गाडीच्या विम्यालाही तसेच करा. पॉलिसी संपल्यावर गाडी रस्त्यावर आणली, तर ती विनाविमाच असते, आणि ९० दिवस उलटले की नो-क्लेम बोनसही जातो.

प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेसारख्या बँकेतून कापल्या जाणाऱ्या विम्याचे वर्ष १ जून ते ३१ मे असते. मेच्या शेवटच्या आठवड्यात खात्यात ४३६ रुपये शिल्लक आहेत का, एवढी एकच नोंद त्यासाठी पुरते.

एका घराची नोंदवही, १० नोव्हेंबर २०२५ रोजी

एक काल्पनिक घर घेऊ. पाच पॉलिस्या आहेत आणि आजची तारीख १० नोव्हेंबर २०२५.

आईची तिमाही पॉलिसी १५ जानेवारी २०१८ ला सुरू झाली, ३१ हप्ते भरले आहेत. ३१ गुणिले ३ म्हणजे ९३ महिने, म्हणून पहिला न भरलेला हप्ता १५ ऑक्टोबर २०२५. त्यात ३० दिवस मिळवले की १४ नोव्हेंबर. उरले ४ दिवस.

मुलाची टर्म पॉलिसी मासिक आहे, २ जून २०२३ पासून, २९ हप्ते भरलेले. न भरलेला हप्ता २ नोव्हेंबरचा, सवलत १७ नोव्हेंबरपर्यंत, उरले ७ दिवस. हप्ता बँकेतून आपोआप कापला जातो, म्हणून घरात कोणाला काळजी नव्हती. खरे तर इथेच लक्ष द्यायला हवे. ऑटो-डेबिट नाकारले जाण्याची कारणे नेहमीचीच असतात: त्या दिवशी खात्यात शिल्लक नव्हती, बँकेच्या मँडेटची मुदत संपली, किंवा पगाराचे खाते बदलले आणि मँडेट जुन्याच खात्यावर राहिले. मासिक पॉलिसीत हे कळून दुरुस्त करायला फक्त १५ दिवस मिळतात, म्हणून पैसे कापल्याचा बँकेचा मेसेज आला तरी कंपनीची पावती आल्याशिवाय D वाढवायचा नाही.

वडिलांची २० वर्षांची वार्षिक पॉलिसी २८ मार्च २००६ ची आहे, २० हप्ते भरून झाले. साध्या यादीत हिची पुढची तारीख '२८ मार्च २०२६, हप्ता' अशी लागली असती. प्रत्यक्षात तो मॅच्युरिटीचा दिवस आहे, शेवटचा हप्ता मार्च २०२५ मध्येच गेला. सूत्र 'हप्ते संपले' दाखवते.

कुटुंबाची आरोग्य पॉलिसी २५ नोव्हेंबरला संपते, उरले १५ दिवस, आणि वर म्हटल्याप्रमाणे सवलत धरायची नाही.

पाचवी सहामाही पॉलिसी २० मे २०२१ ची, चार लाखांची, मुदत २० वर्षे, ८ हप्ते भरलेले. पहिला न भरलेला हप्ता २० मे २०२५, सवलत १९ जूनला संपली, I रकान्यात उणे १४४. डायरीतल्या यादीत हीच पॉलिसी '२० नोव्हेंबर, अजून १० दिवस आहेत' अशी निवांत दिसली असती. २० नोव्हेंबरला कोणी एक हप्ता भरायला गेले असते, तेव्हाच पॉलिसी केव्हाच लॅप्स झाली आहे हे लक्षात आले असते.

लॅप्स होण्याच्या बेतातल्या पॉलिस्यांची वेगळी यादी दुसऱ्या पानावर आपोआप काढायची असेल, तर शीटचे नाव Register ठेवून एवढी एक ओळ पुरते:

```
=SORT(FILTER(Register!A2:J50,
 Register!J2:J50="सवलतीत"),9,TRUE)
```

नवव्या रकान्याने, म्हणजे उरलेल्या दिवसांनी, ती यादी लावते. वरच्या उदाहरणात आईची पॉलिसी पहिली आणि मुलाची दुसरी येईल. सवलतीत एकही पॉलिसी नसली की हे सूत्र एरर दाखवते, तेव्हा घाबरू नका. एक्सेलच्या जुन्या आवृत्त्यांत FILTER आणि SORT चालत नाहीत; तिथे J रकान्यावर साधा फिल्टर लावावा.

आरोग्य आणि गाडीच्या पॉलिस्या 'सवलतीत' कधीच दिसणार नाहीत, कारण त्यांच्यासाठी सवलत आपण धरलेलीच नाही. त्यांची स्थिती 'येणार' असतानाच, ३० दिवस आधी, पैसे भरायचे.

ऋण आकडा आला तर

पाचव्या पॉलिसीचे सगळे गेले, असे नाही. नियमाप्रमाणे ठरावीक वर्षांचे हप्ते भरून झाले असतील, तर पॉलिसी पूर्ण बंद न पडता पेड-अप होते, म्हणजे पुढचे हप्ते न भरताही भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी रकमेची होऊन राहते. जुन्या पॉलिस्यांत ही अट साधारण तीन वर्षांची आणि नंतरच्यांत दोन वर्षांची आढळते. बाँडवर ती लिहिलेली असते. या पॉलिसीचे ४० पैकी ८ हप्ते, म्हणजे पूर्ण चार वर्षांचे, भरले आहेत. चार लाख गुणिले ८ भागिले ४०, म्हणजे ८०,००० रुपये, आणि तोवर जमा झालेला बोनस. मुदतीच्या अखेरीस किंवा मृत्यूनंतर एवढेच मिळेल. चार लाखांचे संरक्षण १९ जूनलाच संपले आहे, आणि घराला नेमके हेच माहीत नसते. टर्म पॉलिसी मात्र पेड-अप होत नाही. तिचा हप्ता राहिला आणि सवलत संपली, की काहीच उरत नाही, म्हणून यादीत टर्म पॉलिसी आणि दुसरी पॉलिसी दोन्ही आल्या आणि पैसे एकाच हप्त्यापुरते असले, तर आधी टर्मचा भरावा असे आमचे ठाम मत आहे.

लॅप्स पॉलिसी पुन्हा चालू करून घेता येते. त्याची मुदत पहिल्या न भरलेल्या हप्त्यापासून मोजतात. आताच्या साध्या पॉलिस्यांना पाच वर्षे आणि बाजाराशी जोडलेल्या यूलिपना तीन वर्षे मिळतात. मधल्या काळातल्या काही बाँडांवर दोनच वर्षे आहेत. नोंदवहीत K रकाना करून ती तारीख लिहून ठेवा. उदाहरणातल्या पॉलिसीसाठी ती २० मे २०३० येईल. पण तोवर थांबण्यात तोटा आहे. राहिलेल्या सगळ्या हप्त्यांवर व्याज लागते, प्रकृतीचे निवेदन द्यावे लागते (एलआयसीत त्याचा फॉर्म ६८०), आणि वय, रक्कम, खंडाचा काळ पाहून वैद्यकीय तपासण्याही मागतात. मधल्या काळात मधुमेह किंवा हृदयविकार निघाला असेल, तर कंपनी नकार देऊ शकते किंवा जादा हप्ता मागू शकते.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार तीन वर्षे झाल्यावर कंपनीला पॉलिसीवर कोणत्याही कारणाने हरकत घेता येत नाही. ही तीन वर्षे पॉलिसी पुन्हा चालू केल्याच्या तारखेपासून नव्याने मोजली जातात. दहा वर्षे जुनी पॉलिसी लॅप्स होऊन पुन्हा चालू झाली, तर त्या निवेदनातल्या माहितीवर पुढची तीन वर्षे प्रश्न विचारता येतात. म्हणून ते निवेदन एजंटाने भरून दिले असले, तरी सही करण्याआधी विमाधारकाने स्वतः ओळ न् ओळ वाचावे. पुन्हा चालू केल्याची तारीखही नोंदवहीत लिहावी.

भरला, पण जमा नाही

घरातली माणसे 'हप्ता भरला' म्हणतात तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी घडलेल्या असू शकतात. एजंटाला रोख दिली, चेक टाकला, किंवा ऑनलाइन भरला. सगळ्याच एजंटांना हप्ता स्वीकारायचा अधिकार नसतो. तसा अधिकार नसलेल्या एजंटाच्या हातात दिलेली रोकड कंपनीकडे जमा होईपर्यंत हप्ता भरलेला धरला जात नाही. चेक वटला नाही, तर आधी निघालेली पावतीही रद्द होते. ऑनलाइन भरताना पॉलिसी क्रमांकातला एक आकडा चुकला, तर रक्कम अडकून पडते. पावतीवर पॉलिसी क्रमांक आणि 'पुढील देय' तारीख दोन्ही छापलेली असतात. ती तारीख नोंदवहीतल्या नव्या G शी जुळली, तर ओळ बरोबर आहे. जुळली नाही, तर त्याच आठवड्यात विचारणा करायची, सवलत संपायच्या आत.

हप्त्याची रक्कम वेगळ्या रकान्यात लिहिली असेल, तर २२ सप्टेंबर २०२५ नंतरची पावती पाहून ती बदला. त्या दिवसापासून व्यक्तिगत आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे, त्यामुळे जुना आकडा जास्त दिसेल.

मॅच्युरिटीचा रकाना

F मधली तारीख एक वर्षाच्या आत आली की तीन गोष्टी तपासायच्या: मूळ बाँड कुठे आहे, पॉलिसीवर कर्ज शिल्लक आहे का, आणि विमाधारकाचे बँक खाते व मोबाइल कंपनीच्या नोंदीत बरोबर आहेत का. बाँड हरवला असेल, तर नुकसानभरपाई बाँड वगैरे सोपस्कारांत काही आठवडे जातात, म्हणून आधीच सुरुवात करावी. कर्ज आणि त्याचे व्याज मॅच्युरिटीच्या रकमेतून कापले जाते. ते किती वाढले आहे ते शाखेतून लेखी घ्या. एलआयसी तारखेच्या सुमारे दोन महिने आधी डिस्चार्ज फॉर्म (क्रमांक ३८२५) पाठवते. पत्ता जुना असेल, तर तो जुन्या घरी जातो आणि पैसे पडून राहतात. दहा वर्षांहून जास्त काळ कोणी मागितले नाही, तर ती रक्कम केंद्र सरकारच्या ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीकडे वर्ग होते. तिथूनही वारसांना ती मिळवता येते, पण त्यासाठी पॉलिसी क्रमांक लागतो.